डेपोखालची घरं आणि माझं निरंक

मी स्वच्छतेची बाई. असं मी स्वतःच म्हणायची, आणि मोठ्या ठसक्यात म्हणायची. आमच्या उपकेंद्रात पायरीवर चप्पल काढल्याशिवाय पाय टाकायची कुणाची बिशाद नव्हती, सरपंचाचीसुद्धा. दिवसातून दोनदा फरशीला फिनेल लागायचं. लेकरू लसीला आणलं आणि त्याचं नाक वाहत असलं, की आधी आईचा उद्धार, मग लस. आधी परंड्याकडं, मग उमरग्याकडं, असं करत आरोग्यसेविकेची नोकरी जवळजवळ वीस वर्षं झाली होती, तेव्हा या गावात बदली झाली. बायका मला घाबरायच्या. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

गावाच्या शिवेवर शहराचा कचरा डेपो होता. होता म्हणजे अजून आहे. कचरा नगरपरिषदेचा, आणि त्याच्या उताराला जी तिसेक घरं ती आमच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत. त्यामुळं नगरपरिषद म्हणायची, ही माणसं आमची नाहीत. ग्रामपंचायत म्हणायची, डेपो आमचा नाही. कागदावर ती घरं माझ्या उपकेंद्रात मोडत होती, एवढं मात्र कुणाला नाकारता येत नव्हतं. तिथली निम्मी माणसं डेपोवर भंगार वेचायची, निम्मी रानात रोजानं जायची. गावात त्यांना 'डेपोवरचे' म्हणत. मीही तेच म्हणायची.

बदली होऊन दोन-तीन महिने झाले असतील. एक दिवस तिथली एक बाई लेकीला काखेत घेऊन आली. पोर चारेक वर्षांची. छातीत घरघर, डोळे लाल, अंगावर खरजेसारखे फोड. आणि वास. ओल्या कचऱ्याचा आंबूस वास असतो ना, तो दोघींच्या कपड्यांना. दारात तालुक्याहून आलेल्या दोन सिस्टर बसलेल्या, त्यांनी पदर नाकाला लावला. मला वाटलं, माझ्या फिनेलची इज्जत गेली.

"अगं बाई, काय हे?" मी म्हणलं. "लेकराला धुऊनपुसून आणायची काही रीत आहे का नाही? पुढच्या वेळेस आंघोळ घालून आणायचं. तशी आणलीस तर मी हातसुद्धा लावणार नाही."

ती एवढंच म्हणाली, "व्हय बाई."

मी खोकल्याचं औषध दिलं, फोडांना मलम दिलं. छातीला नळी लावली नाही, श्वास मोजला नाही. तालुक्याच्या सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, तुमचा वचक भारी आहे हं. मी फुशारून गेले.

त्यानंतर ती आली नाही. तिचं बघून असेल, नाहीतर माझं बोलणं वस्तीभर गेलं असेल, पण त्या तीस घरांतलं कुणीच आलं नाही. लसीच्या दिवशी आशाताई त्यांची लेकरं शाळेच्या ओट्यावर गोळा करायची आणि मी घाईघाईनं टोचून मोकळी व्हायची. बाकी आठवडाभर तिकडून कुणी फिरकायचं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

इथं माझ्या कामाची एक गोष्ट सांगायला हवी. आम्हाला दर आठवड्याला एक फॉर्म भरून पाठवावा लागतो. या आठवड्यात गावात ताप किती जणांना, खोकला किती जणांना, जुलाब किती, कुत्रं किती जणांना चावलं. आधी कागदावर जायचा, आता टॅबवर जातो. कुठं रोग डोकं वर काढतोय ते वरच्यांना लवकर कळावं म्हणून तो फॉर्म. तो घरोघर फिरून भरायचा असतो. पण खरं सांगते, आम्ही पुष्कळ जणी उपकेंद्रात जेवढे आले तेवढे मोजतो आणि बाकीच्यांसमोर निरंक लिहितो. निरंक म्हणजे काही नाही, शून्य. डेपोखालच्या वस्तीपुढं मी तीन वर्षं निरंक लिहिलं. ताप निरंक, खोकला निरंक, जुलाब निरंक.

आमची आशाताई गावातलीच, साधी बाई. ती एकदा म्हणाली होती, "बाई, डेपोखाली लई खोकत्यात लेकरं. धूर सोडल्यावर तर रडारड आसती." मी म्हणलं, "खोकत असतील तर येतील की. पाय मोडलेत का त्यांचे?" तिला माझ्याशी रोज काम करायचं होतं, ती काय बोलणार?

धूर सोडल्यावर म्हणजे डेपो पेटल्यावर. उन्हाळ्यात कचरा आपोआपही पेटतो, आतून धुमसत राहतो. पण पुष्कळदा तो पेटवलेला असायचा, ढीग कमी व्हावा म्हणून किंवा तारांतलं तांबं सुटं करायला म्हणून. आमच्याकडं वारं बहुतेक पश्चिमेचं. वस्ती डेपोच्या पूर्वेला. सगळा धूर सरळ त्यांच्या दारात. उपकेंद्र दुसऱ्या अंगाला, म्हणून आमच्या फिनेलला धक्का लागत नव्हता.

मग वस्तीतल्या माणसांनी तक्रार केली. पहिल्यांदाच. अंगठे आणि सह्या करून प्रांतसाहेबांकडं अर्ज दिला, की धूर बंद करा, आमच्या बोअरचं पाणी नासलंय, आम्हाला चांगलं पाणी द्या. त्या अर्जावर उत्तर म्हणून नगरपरिषदेनं आरोग्य खात्याकडून माहिती मागवली. माहिती म्हणजे काय, तर माझे फॉर्म. वरून फोन आला, मी मागच्या तीन वर्षांचं सगळं काढून दिलं. नगरपरिषदेनं उत्तरात लिहिलं की सदर वस्तीत कोणताही आजार वाढल्याची नोंद नाही, सबब अर्ज निकाली काढावा. अर्जाची प्रत आमच्याकडं आली तेव्हा पहिली सही कुणाची होती ते मी वाचलं. त्याच पोरीच्या आईची. सही नव्हती, अंगठा होता. तरी माझ्या काही डोक्यात शिरलं नाही.

शिरलं ते नव्या डॉक्टर मॅडमच्या. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकत्याच आल्या होत्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी माझे फॉर्म मागवले, दोन तास वाचले आणि मला बोलावलं.

"सिस्टर, तीस घरं, तीन वर्षं, एकालाही सर्दी-खोकला झाला नाही?"

"आले नाहीत मॅडम."

"मी आलेल्यांचं विचारत नाही. असं गाव जगात नसतं. चांगल्या गावातही दर आठवड्याला कुणीतरी शिंकतं. एवढं निरंक म्हणजे तिथं आजार नाही असं नसतं. तिथं कुणी गेलेलं नाही, असं असतं."

मला राग आला. मनात म्हणलं, कालची पोर, मला शिकवते!

त्या पुढं म्हणाल्या, "प्रांतसाहेबांकडून मी दोन महिने मागून घेतलेत. आपण नीट मोजू. तुम्ही बरोबर पाहिजे. तुमच्याशिवाय ही घरं कुणाला माहीत आहेत?" ती घरं मला माहीत आहेत, असं त्यांना वाटत होतं.

मग मी पहिल्यांदा मॅडमचं काम बघितलं. मला वाटलं होतं, जाऊ, खोकणारे मोजू, येऊ. त्या म्हणाल्या, नुसतं इथलं मोजून काही सिद्ध होत नाही. गावाच्या पश्चिमेला माळावर दुसरी एक वस्ती होती. तशीच गरीब, तशाच चुली, तशीच रोजावर जाणारी माणसं, पण डेपोपासून लांब आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला. दोन्हीकडं तेच प्रश्न, त्याच माणसांनी विचारायचे. कारण चुलीच्या धुरानंही खोकला होतो, बिडीनंही होतो, आणि नगरपरिषदेचा माणूस हेच म्हणणार. दोन्ही वस्त्यांत चूल सारखी असेल तर जो फरक उरेल तो कशाचा, ते बघता येईल.

पहिल्याच घरात मी चुकले. मी विचारलं, "डेपोच्या धुरानं खोकला येतो ना गं?" मॅडमनी मला बाहेर नेलं. "सिस्टर, असं विचारलं की माणूस हो म्हणतं. कचऱ्याचं, धुराचं नाव काढायचं नाही. मागच्या दोन आठवड्यांत कुणाला खोकला होता, छातीत घरघर झाली, डोळे चुरचुरले, जुलाब झाले, एवढंच विचारायचं." बावीस-तेवीस वर्षं नोकरी करून मी प्रश्न कसा विचारायचा ते शिकत होते.

सकाळी साडेसहाला जायचं, असंही त्यांनीच ठरवलं. नऊनंतर वस्तीत म्हातारी माणसं आणि कुत्री सोडून कुणी नसतं. बाकीच्या वस्त्यांवर मी कधीमधी गेलेच तर अकराला जायची, कुलपं बघायची आणि 'घर बंद' लिहून परतायची.

दुसऱ्या दिवशी त्या पोरीचं घर आलं. पत्र्याचं, पण सारवलेलं. पोर आता सातेक वर्षांची झाली होती, हाडकुळी, मोठ्या डोळ्यांची. खांदे वर ओढून श्वास घेत होती. आईनं मला ओळखलं. धुतलेलं पोतं अंथरलं आणि म्हणाली, "बसा बाई." मी बसले, पण अंग चोरून. मॅडम शेजारच्या घरात गेल्या होत्या. तिनं चहा टाकला. मी भिंतीशी मांडलेल्या घागरी बघत होते आणि मनात एकच चाललं होतं, हा चहा कसा टाळावा.

"मला नको गं. उपवास आहे."

"उपासाला च्या चालतो की बाई."

"माझा निर्जळी असतो."

बुधवार होता. कुठला निर्जळी उपवास बुधवारी? तिनं कप उचलला, आत नेला, आणि लेकीला म्हणाली, "घे, तू पी अर्धा." आजही तो कप डोळ्यांसमोर आला की मला कुठं तोंड लपवू असं होतं. कप चकचकीत घासलेला होता.

मॅडम शेजारून आल्या आणि त्यांनी पोरीला फुंकायची नळी दिली. प्लॅस्टिकची असते, त्यात जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि श्वास किती जोरानं बाहेर पडतो ते कळतं. तीनदा फुंकायचं, त्यातला सगळ्यात चांगला आकडा लिहायचा. पोर खूश झाली, तिला तो खेळ वाटला. तिसऱ्यांदा फुंकताना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. तिच्या उंचीच्या मुलीला जिथवर जायला पाहिजे त्याच्या पुष्कळ खाली काटा राहिला. नळी तिच्याच घरी ठेवून रोज सकाळी आशाताईनं आकडा लिहायचा असं ठरलं. मॅडमनी विचारलं, औषध कुणाचं चालू आहे? आईनं शहरातल्या खाजगी डॉक्टरच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. प्रत्येकीवर खोकल्याची बाटली, आणि पत्ता शहरातल्या एका गल्लीचा.

"हा पत्ता कुणाचा?"

"माज्या भावाचा. डेपोचा सांगितला की लोकं बाकड्यावरून उठत्यात."

मॅडम माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "बघा. म्हणजे शहराच्या नोंदीतही ही पोर डेपोची नाही." त्यांनी त्या डॉक्टरांना भेटून विनंती केली, की चिठ्ठीवर पत्त्याबरोबर 'राहणार कुठं' हेही विचारून लिहा. ते बिचारे लगेच हो म्हणाले. त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

प्रत्येक घराला मॅडमनी महिन्याचा एक मोठा कागद दिला, दिवसाला एक चौकोन. बायकांना लिहिता येत नव्हतं. आशाताईनं युक्ती काढली, घरात लेकरू खोकलं त्या दिवशी कुंकवाचा ठिपका. धुराचे दिवस मात्र घरच्यांना विचारायचे नाहीत, ते शाळेतल्या गुरुजींनी आपल्या वहीत वेगळे लिहायचे, म्हणजे कुणी म्हणायला नको की जुळवून आणलं. महिन्याअखेर दोन्ही शेजारी ठेवले. गुरुजींच्या वहीत जिथं धूर होता, तिथं किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी घरोघर कुंकू दाट झालेलं. त्याच दिवसांत पोरीचा काटा आणखी खाली. माळावरच्या वस्तीच्या कागदांवर ठिपके होते, पण तुरळक आणि कुठंही.

पाण्याचे नमुनेही घेतले. वस्तीच्या बोअरचं पाणी आणि डेपोच्या वरच्या अंगाला असलेल्या एका विहिरीचं. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी प्रयोगशाळेत. क्षार आणि धातूंसाठी वेगळे डबे. बोअरचं पाणी पिवळट, हातावर घेतलं तर घाण वास. अहवाल आला, वस्तीचं पाणी वापरायलाच नको असं. विहिरीचं बरं होतं. मॅडम तरी तोलून बोलायच्या. "एका पोरीचा दम कशामुळं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण दोन वस्त्या शेजारी ठेवल्या, धुराचे दिवस आणि खोकल्याचे दिवस शेजारी ठेवले, पाणी शेजारी ठेवलं, तर डोळेझाक करता येत नाही. एवढं मी प्रांतसाहेबांना सांगू शकते."

बैठकीच्या आदल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "सिस्टर, उद्या तुमचे फॉर्म पुढं येणार. एक तर मी म्हणेन की जुन्या नोंदी अपुऱ्या आहेत. नाहीतर तुम्ही स्वतः सांगा. मी तुमच्यावर सोडते." मी म्हणलं, "तुम्हीच सांगा मॅडम." नोकरीची चार वर्षं उरली होती. मला वाटलं, चार शब्दांत निभावून जाईल.

तहसीलच्या सभागृहात बैठक झाली. प्रांतसाहेब, नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, प्रदूषण खात्याचे एक साहेब, तालुका आरोग्य अधिकारी. वस्तीतली तीन माणसं दाराजवळच्या बाकावर, त्यांत ती, पोरीला घेऊन. मी सगळ्यात मागं, मांडीवर फाइल.

मॅडमनी कुंकवाचे कागद टेबलावर पसरले आणि सगळं समजावून सांगितलं. मुख्याधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. "डॉक्टर, तुमचा दोन महिन्यांचा अभ्यास मान्य. पण हा तुमच्याच खात्याचा तीन वर्षांचा दर आठवड्याचा अहवाल. सगळीकडं निरंक. आजार तक्रार केल्यावरच सुरू झाला का? कशावर विश्वास ठेवायचा?"

मॅडम म्हणाल्या, "जुन्या नोंदी अपुऱ्या आहेत."

"अपुऱ्या म्हणजे? सही आहे, शिक्का आहे."

प्रांतसाहेब दोन्ही कागद बघत राहिले. त्यांचा पेच खोटा नव्हता. हा गठ्ठा खरा ठरला असता तर अर्ज निकालात निघाला असता. धूर तसाच, बोअर तसाच, आणि ती पोर त्याच पत्र्याखाली. ते वळून तिला म्हणाले, "बाई, उपकेंद्र तुमच्यापासून किलोमीटरवर आहे. तिथं औषध फुकट मिळतं. लेकरू एवढं आजारी होतं तर तुम्ही तीन वर्षांत एकदाही का गेला नाहीत?"

मला वाटलं, आता ही माझं नाव घेणार. चार लोकांत माझे वाभाडे निघणार. मी मान खाली घातली.

ती उभी राहिली. पदर सावरून म्हणाली, "साहेब, बाईंचा काय दोस न्हाय. बाई लई चांगल्या हायती. त्यांनी सांगितलं हुतं, लेकराला आंघूळ घालून आनायचं. बराबरच हाय त्यांचं, दवाखाना हाय त्यो. पन आमच्या बोअरच्या पान्यानं आंघूळ घातली की पोरीचं आंग जास्तीच उटतं. शाळंच्या नळाचं पानी डोक्यावर आनावं लागतं, ते प्यायलाच पुरत न्हाय. मंग आंघूळ कशी घालू? रोज म्हनायची, उद्या दोन घागरी जास्त आनीन, आंघूळ घालीन आन बाईंकडं जाईन. त्यातच ऱ्हाऊन गेलं."

हे ती कुजकटपणानं बोलली असती तर मी सहन केलं असतं. टोमणा मारला असता तर उलट राग आला असता, आणि राग बरा असतो, त्यात लपता येतं. पण ती मनापासून बोलत होती. तीन वर्षं ती माझ्याकडं यायची तयारी करत होती. मी रागानं थुंकलेलं वाक्य तिनं डॉक्टरी नियम म्हणून पाळलं होतं. आणि ज्या पाण्यानं पोरीचं अंग उठत होतं त्याचीच मी तिला आंघोळ सांगितली होती. त्या घागरी मी बघितल्या होत्या. चहा टाळायचा विचार करत बघितल्या होत्या.

मी कधी उठले ते कळलं नाही. फाइल खाली पडली.

"साहेब, ते निरंक माझं आहे," मी म्हणलं. "तिथं आजार नव्हता म्हणून निरंक नाही. मी गेलेच नाही म्हणून निरंक आहे. तीन वर्षं उपकेंद्रात बसून लिहिलंय मी. वास येतो म्हणून यांना हाकललं मी. ते कागद खोटे आहेत, ते धरू नका."

तालुका अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. प्रांतसाहेब म्हणाले, "हे लेखी द्याल?" मी दिलं. त्याच टेबलावर बसून दिलं. माझं अक्षर एरवी फार सुंदर आहे, सगळे म्हणतात. त्या दिवशीचं मलाच वाचवेना.

मला नोटीस आली, वेतनवाढ अडकली. ते होणारच होतं आणि मला त्याचं दुःख नाही. वस्तीला टँकर सुरू झाला, एक दिवसाआड. तो बोअर वापरायचा नाही म्हणून त्यावर लाल रंग मारला. डेपोवर आग लावायला बंदी झाली, एक पहारेकरी बसला. तरी कधीमधी धूर निघतोच. जुन्या कचऱ्याचा ढीग चाळून कमी करायचं काम कागदावर मंजूर आहे, म्हणे. सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. पण दर महिन्याला दोन्ही वस्त्यांची मोजणी होते आणि ती प्रांतसाहेबांच्या टेबलावर जाते. पोरीला आता तोंडातून ओढायचा पंप मिळालाय, मॅडमनी ओढायला शिकवला. ती पळते, थोडी थांबते, परत पळते.

दर सोमवारी सकाळी साडेसहाला मी वस्तीत जाते. पोरीनं तीनदा फुंकायचं, मी आकडा लिहायचा. चहा देतात तो पिते, दोन कप पिते. कुणी मागितली नव्हती तरी मी त्या बाईची माफीही मागितली. ती गोंधळली. "आसं का म्हनता बाई? तुमी आमच्या भल्याचंच सांगितलं हुतं." तिला मी कसं सांगू, की भल्याचं नव्हतं गं ते, दोन सिस्टर दारात बसल्या होत्या म्हणून बोलले होते मी? सांगायचा प्रयत्न केला. तिला खरं वाटत नाही.

आणि अजूनही दर सोमवारी मी पोचते तेव्हा पोरीचे केस ओले असतात. टँकरच्या पाण्यातलं रविवारी राखून ठेवलेलं पाणी, पहाटे उठून तापवलेलं. थंडीतसुद्धा. अंगणात चुलीजवळ ती पोर कुडकुडत उभी असते, चोपून भांग पाडलेला, कपाळाला टिकली. मी किती वेळा म्हणलं, अगं, नको घालूस आंघोळ, तिला गारठा बाधेल, मला तशीच चालते. तर आई हसते.

"आसू द्या की बाई," म्हणते. "आता पानी हाय."